समग्र मागणीचा वक्र उतरता का? उत्तर लिहिताना या चुका टाळा

धरमपेठेतल्या माझ्या शिकवणीत हा प्रश्न विचारला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "सर, संत्री महाग झाली तं लोक केळी घेतीन नं!" इथेच मार्क जातात. ते उत्तर एका वस्तूच्या मागणीचं आहे. समग्र मागणीच्या आकृतीत उभ्या अक्षावर सर्वसाधारण किंमत पातळी असते. संत्री, केळी, घरभाडं, सगळंच दहा टक्क्यांनी वाढलं, तर संत्री सोडून वळायचं कुठे?

मग खरेदी घटते कशी? पहिली वाट संपत्तीची. बँकेतल्या एक लाखाच्या ठेवीत आता आधीच्या भावाने जेमतेम ९०,९०९ रुपयांचा माल येतो, म्हणून माणूस हात आखडतो. इथे मुलं घर आणि सोनंही धरतात. ते चूक, कारण त्यांचे भाव महागाईबरोबर वाढू शकतात. झळ लागते ती रुपयांत बांधलेल्या संपत्तीला. त्यातही ठेवीदाराचं जातं ते बरंचसं कर्जदाराला मिळतं, म्हणून हा परिणाम एकूणात दुबळाच.

व्याजदराची वाट जास्त जोरकस, आणि घोटाळाही इथेच जास्त. महिन्याच्या खर्चाला २०,००० रुपये हाताशी ठेवणाऱ्या घराला आता २२,००० लागतात. वरचे दोन हजार ते मुदत ठेवीतून काढतं. घरोघरी असंच झालं आणि पैशाचा एकूण पुरवठा तेवढाच राहिला, तर कर्जाऊ द्यायला पैसा कमी उरतो आणि व्याज चढतं. वर्धा रोडवर फ्लॅट बघणाऱ्याचं गणित करा: वीस लाख, वीस वर्षं. आठ टक्क्यांनी हप्ता सुमारे १६,७२९ रुपये, नऊ टक्क्यांनी १७,९९५. तो थांबतो, बिल्डरही पुढची स्कीम लांबवतो. "पुरवठा तेवढाच" ही अट बहुतेक उत्तरांत नसतेच. त्याऐवजी मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, हे उदाहरण येतं. पण तो धोरणाचा निर्णय. या आकृतीत त्याने अख्खा वक्र डावीकडे सरकतो.

परकीय व्यापाराचंही तेच. विनिमय दर तसाच असताना आपल्याकडचे भाव चढले, तर परदेशी गिऱ्हाइकाला आपला माल महाग पडतो आणि आपल्याला आयात स्वस्त वाटते. निव्वळ निर्यात घटते, आपण वक्रावरच वर चढतो. पण बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं आणि विदर्भाची निर्यात आटली, तेव्हा आपली किंमत पातळी कुठे हलली होती? तिथे वक्र सरकला, भले एका फळापुरता केसभर.

लिहिण्याआधी एवढंच तपासा: आधी काय हललं? किंमत पातळी हलली असेल तर त्याच वक्रावर बिंदू सरकवा. दुसरं काहीही असेल तर पेन्सिलने नवा वक्र काढा.