ब्लेंडरमध्ये काच, आरसा, पाणी: बाथरूमच्या रेंडरमध्ये खोटं प्रतिबिंब कुठून येतं

बाथरूमच्या एकाच फ्रेममध्ये शॉवरची काच, बेसिनवरचा आरसा आणि पाण्याचा ग्लास एकत्र येतात आणि नवख्यांचं काम बहुतेक वेळा तिथेच अडतं. बेसिन एक असताना दोन दिसतात, काचेमागचा नळ जागेवरून सरकतो, आरशात भिंतीऐवजी आकाश येतं. अशा वेळी ‘सॅम्पल वाढव’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. सॅम्पल वाढवल्याने दाणे जातात. चुकीच्या जागी पडलेलं प्रतिबिंब मात्र तिथेच राहतं, फक्त आणखी स्वच्छ दिसतं.

चूक जवळजवळ नेहमी मॉडेलमध्ये असते. ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स काचेच्या प्रत्येक फेसला दोन माध्यमांमधली सीमा समजतं: फेसला लंब असलेला बाण, म्हणजे नॉर्मल, ज्या बाजूला रोखलेला, तिकडे हवा; पाठीमागे काच. काच कुठे संपते हे त्याला दुसऱ्या फेसवरूनच कळतं. हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या बहुतेक अडचणी यातूनच उगवतात.

शॉवरचं पार्टिशन घेऊ. प्रत्यक्षात ती 10 मिमी जाडीची टफन काच असते. घाईत आपण एक प्लेन उभी करतो आणि तिला `Glass BSDF` देतो, `IOR` म्हणजे अपवर्तनांक 1.5. आता काचेवर 45 अंशांनी पडणारा किरण आत वळून साधारण 28 अंशांवर येतो. खऱ्या काचेत तो 10 मिमीनंतर बाहेर पडताना पुन्हा 45 अंशांवर येतो आणि मागचं दृश्य जेमतेम 3 मिमी सरकतं. आपल्या प्लेनला मागची बाजूच नाही, त्यामुळे किरण वळलेलाच राहतो. काचेपासून 1 मीटर मागे असलेला नळ मग सुमारे 46 सेंटीमीटर सरकलेला दिसतो. पार्टिशन छतापर्यंत नसेल तर हे लगेच पकडता येतं. टाइल्समधल्या ग्राउटची रेघ काचेच्या वरच्या कडेपाशी तुटून भलतीकडे गेली असेल, तर काचेला जाडी नाही.

नॉर्मल उलटा असेल तर प्रकार आणखी फसवा होतो. सायकल्सला वाटतं, किरण काचेतून हवेत चालला आहे. मग 41.8 अंशांच्या पुढे पूर्ण अंतर्गत परावर्तन होतं आणि पारदर्शक काच चक्क आरसा बनते. मागचा शॉवर गायब, त्याच्या जागी बेसिन दुसऱ्यांदा हजर. खरी काच समोरून पाहिल्यावर दोन्ही पृष्ठभाग मिळून जेमतेम 8 टक्के प्रकाश परत पाठवते. 45 अंशांनाही फार वाढत नाही. म्हणून तिरप्या कोनात एका ठरावीक रेषेपलीकडे काच अचानक आरशासारखी होत असेल, तर मटेरिअलला हात लावू नका, नॉर्मल तपासा.

उपाय साधा आहे. प्लेनवर `Ctrl+A` वापरून स्केल अप्लाय करा, नाहीतर सॉलिडिफायची जाडी भलतीच येते. मग `Solidify` मॉडिफायरमध्ये 0.01 मीटर द्या. `Face Orientation` ओव्हरले चालू करून बाहेरची प्रत्येक बाजू निळी आहे ना ते पाहा. लाल दिसली तर मॉडिफायर अप्लाय करा आणि एडिट मोडमध्ये सगळं निवडून `Shift+N`. एवढ्याने बहुतेक पार्टिशनं सुधारतात, घाबरण्यासारखं काही नाही.

शॉर्टकट म्हणून फिरणारं ‘पातळ काचे’चं मटेरिअल मला नावडत नाही. एका प्लेनवर `Transparent` आणि `Glossy` यांचं मिश्रण, फॅक्टरला `Fresnel` नोड. किरण वळतच नाही, म्हणून खिडकीला ते छान चालतं. पण `Fresnel` नोड फेसच्या पाठीमागून पाहताना आकडा उलटा करतो. कॅमेऱ्याला काच व्यवस्थित दिसते; तीच काच बेसिनच्या आरशात मागच्या बाजूने दिसते आणि तिथे 41.8 अंशांचा तोच घोटाळा होतो. `Geometry` नोडचं `Backfacing` घ्या आणि पुढून 1.5, मागून 0.667 असा `IOR` द्या. तयार मटेरिअल उतरवून वापरणाऱ्यांनी आत हा बदल केलेला आहे का, हे उघडून पाहिल्याशिवाय ते क्लायंटच्या फाइलमध्ये टाकू नये.

वस्तू दोनदा दिसण्याचं आणखी एक कारण अगदी साधं असतं: ती खरोखर दोनदा असते. `Shift+D` दाबून उजवं क्लिक केलं की फक्त हलवणं रद्द होतं, प्रत तिथेच राहते. एकाच जागी दोन काचा असल्या की काळे डाग आणि दुहेरी चमक दिसते. आउटलायनरमध्ये `.001` शोधा.

आरशाला इतका खटाटोप लागत नाही. एक प्लेन, `Metallic` 1, `Roughness` 0, रंग पांढऱ्यापेक्षा थोडा कमी, आणि भिंतीपासून काही मिमी पुढे. त्यावर काचेचा थर चढवायची गरज नाही, अगदी जवळचा शॉट सोडला तर. आरशात आकाश दिसत असेल तर कॅमेऱ्यामागची भिंत बांधलेली नसते. ती बांधा आणि `Ray Visibility` मध्ये फक्त `Camera` बंद करा. कॅमेरा भिंतीतून पाहील, आरशात मात्र भिंत राहील. ब्लेंडरचं दुसरं, झटपट इंजिन ईव्ही, त्यात हे जमवत बसू नका. फ्रेमबाहेरची वस्तू आरशात दाखवायला त्याला वेगळा प्रोब लावावा लागतो.

फोटोशॉपमध्ये नंतर चिकटवलेली कुंडी आरशात नसणं हा तर सर्वांत उघडा पडणारा दोष. प्रतिबिंब हाताने जोडलंच, तर वस्तूचे तीन-चार बिंदू आणि त्यांची प्रतिबिंबं रेषांनी जोडा. या रेषा प्रत्यक्षात आरशाला लंब, म्हणजे एकमेकींना समांतर असतात. म्हणून चित्रात त्या एकाच लोपबिंदूकडे जायला हव्यात. आरसा कॅमेऱ्याच्या बरोबर समोर असेल तर फ्रेमच्या मध्याकडे. एक जरी रेघ भलतीकडे गेली तरी प्रतिबिंब खोटं आहे. त्यातही वस्तू नुसती उलटी करून चिकटवू नका. आरशात तिची कॅमेऱ्याला न दिसणारी बाजू दिसते.

आता दातांचा ब्रश ठेवलेला पाण्याचा ग्लास. पाण्याचा मेश ग्लासच्या आतल्या भिंतीपासून थोडा दूर ठेवला तर मध्ये हवेची फट राहते आणि पाण्याभोवती चंदेरी कडा येते. पाणी ग्लासला न टेकता तरंगतंय असं वाटतं. दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत एकाच जागी असले तर डाग पडतात. म्हणून पाणी काचेच्या जाडीत किंचित घुसवा: भिंत 2 मिमीची असेल तर `Alt+S` ने 0.0005 मीटर फुगवा, `IOR` 1.333. आतल्या भिंतीवर चमक खऱ्यापेक्षा जरा जास्त येते, पण किरणाची दिशा बरोबर राहते. ब्रश पाण्याच्या मेशमध्ये तसाच घुसू द्या, पाण्याला भोक पाडू नका. बाथटबला मात्र वर पाहणारं एक प्लेन पुरतं, कारण खाली अपारदर्शक टब आहे.

ग्लासमधला ब्रश जरा वरून पाहिला तर पाण्याच्या पृष्ठभागातून एक आणि ग्लासच्या बाजूतून दुसरा, असे दोन दिसू शकतात. ते खरं आहे, पुसू नका. शंका आली तर ग्लासात पाणी भरून चमचा ठेवा आणि कॅमेऱ्याच्याच कोनातून पाहा. ग्लासच्या आत काळे ठिपके उरले तर `Light Paths` मध्ये `Total` आणि `Transmission` 12 वरून 16 करा. पार्टिशनमागचा ग्लास आरशात दिसत असेल तेव्हा किरणाला तेवढ्या उड्या लागू शकतात.