रात्री बारापर्यंत म्हणजे कुणाच्या घड्याळात?

परदेशातल्या लोकांनी कोल्हापुरातल्या आपल्या माणसांना सणाची मिठाई पाठवायची, या सेवेचं वेबसाइटवरचं पान लिहायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर भाषा तुम्हाला येते असं मी धरून चालतो. मलाही येत होती. तरी गेल्या दिवाळीत माझ्या एका ओळीमुळे राजारामपुरीतल्या एका घरी लक्ष्मीपूजनाला मिठाई पोहोचली नाही. ती ओळ अशी होती: "दिवाळीसाठी ऑर्डर शुक्रवार, 17 ऑक्टोबर, रात्री 12 पर्यंत."

न्यू जर्सीतल्या एका भाचीने आपल्या मामींसाठी खव्याचे पेढे आणि करंज्यांचा डबा मागवला. तिने नंतर पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर वेळ होती Oct 17, 10:04 PM. म्हणजे तिच्या हिशेबाने मुदत संपायला दोन तास बाकी होते. दुकानाच्या वहीत मात्र तीच ऑर्डर शनिवार 18 ऑक्टोबर, सकाळी 7:34 ला पडली. ऑक्टोबरात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. भटारखान्यात यादी पहाटे पाचलाच गेली होती, आणि पानावर पैसे घेणं बंद केलेलं नव्हतं. दुकानाच्या अण्णांचा मला फोन आला, "अरे, ती पोरगी शुक्रवारीच दिली म्हणत्या, आमच्यात शनिवारची दिसत्या. खरं कुणाचं धरायचं?" दोघांचंही खरं होतं. खोटी होती ती माझी ओळ. डबा पाडव्याला, 22 तारखेला पोहोचला.

आणखी चार डबे करायला काय हरकत होती, असं मलाही तेव्हा वाटलं. मग एक दिवस भटारखान्यात जाऊन बसलो. चिवडा, शंकरपाळी आधी करून ठेवता येतात. खव्याचं तसं नाही. पेढे चांगले लागायचे तर ते पोहोचवायच्या आदल्या दिवशीच वळायला हवेत, आणि सणाच्या तोंडावर खवा किती येणार हे दोन दिवस आधी ठरलेलं असतं. म्हणजे ऑर्डरची शेवटची वेळ खव्यावरून ठरते, आपण पानात कुठेतरी टाकायची म्हणून टाकलेली ती सूचना नसते. हे मला कुठल्याच कोर्सने शिकवलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, मथळे कसे लिहावेत हे शिकवणाऱ्यांना पैसे देण्याआधी दुकानाच्या गल्ल्याशेजारी दोन तास बसा आणि येणारे फोन ऐका. माझा खरा गुरू म्हणजे तिथे फोन घेणारे काका. परदेशातून फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडं आता किती वाजलेत?"

आता ती ओळ नीट कशी लिहायची ते सांगतो. "रात्री 12" कधीच लिहू नका. शुक्रवार रात्रीचे बारा म्हणजे शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे, हे कोल्हापुरातल्या कोल्हापुरातही दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतील. दिवसाउजेडीची वेळ घ्या, उदाहरणार्थ संध्याकाळी 6. मग वाचणाऱ्याच्या गावची वेळ तुम्हीच काढून द्या, त्याच्यावर सोडू नका. 17 ऑक्टोबर 2025 ला भारतात संध्याकाळचे 6 वाजले, तेव्हा दुबईत 4:30, लंडनमध्ये दुपारचे 1:30, न्यू जर्सीत सकाळचे 8:30, कॅलिफोर्नियात पहाटेचे 5:30 आणि सिडनीत रात्रीचे 11:30 होते. कॅलिफोर्नियातला माणूस पहाटे उठून पेढे मागवणार नाही, म्हणून त्याच्यासाठी सरळ "गुरुवारी रात्री झोपण्यापूर्वी" असं लिहा. तारखेत महिना अक्षरांत हवा. 4/11 हे अमेरिकेत वाढलेल्या मुलाला 11 एप्रिल वाटतं.

आणि इथे घाई करू नका, कारण पुढचा खड्डा याच वाटेवर आहे. गेल्या वर्षीचं पान उचलून फक्त तारीख बदलायची, हा सगळ्यांचा आवडता शॉर्टकट आहे. 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. ब्रिटनमध्ये घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे यंदाची मुदत बुधवार 4 नोव्हेंबर धरली, तर त्या दिवशी आपल्याकडे संध्याकाळचे 6 वाजतील तेव्हा न्यू जर्सीत 7:30 आणि लंडनमध्ये 12:30 असतील. दुबई आणि सिडनी जिथल्या तिथे. जुना आकडा तसाच राहिला तर लोक पुन्हा एक तास उशिरा येतील, आणि चूक पुन्हा तुमचीच असेल.

"दिवाळीला पोहोचेल" हे वाक्यही काढून टाका. 2025 मध्ये परदेशातल्या बऱ्याच जणांच्या फोनमधल्या कॅलेंडरवर दिवाळी 20 ऑक्टोबरला होती, आपल्याकडे लक्ष्मीपूजन 21 ला झालं. भाऊबीजेचा डबा वेगळा, पाडव्याचा वेगळा. दिवसाचं नाव आणि तारीख दोन्ही लिहा: "लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, शनिवार 7 नोव्हेंबर, दुपारपर्यंत घरपोच."

बाकीचं पान तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही, खरंच. पहिल्याच ओळीत मिठाई कुठून कुठे जाते ते सांगा. मी आधी लिहिलं होतं, "परदेशातल्या कुटुंबांसाठी सणाची मिठाई घरपोच." त्यावर टोरोंटोहून विचारणा आली, आमच्याकडे किती दिवसांत येईल? आता तिथे आहे, "पैसे तुम्ही तिथून भरा, मिठाई कोल्हापुरात तुमच्या माणसांच्या दारात." मातीची ओढ, आईच्या हातची चव, हे सगळं मी खोडलं. घराची आठवण त्याला येतेच, म्हणून तर तो पानावर आलाय. त्याला हवी असते खात्री.

एक जागा मात्र पुन्हा अडवते, मोबाईल नंबरची. फॉर्मवर नुसतं "मोबाईल नंबर" लिहिलं तर माणूस स्वतःचा परदेशातला नंबर भरतो. मग डबा घेऊन गेलेला पोरगा सकाळी अकराला गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, घर सापडत नाही, आणि तो फोन लावतो तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचा दीड वाजलेला असतो. आमच्याकडे एका दिवसात असे तीन डबे दुकानात परत आले. म्हणून तिथे लिहा, "मिठाई घेणाऱ्यांचा कोल्हापुरातला मोबाईल", आणि पत्त्याखाली "जवळची खूण" ही जागा सक्तीची करा. राजारामपुरीत गल्लीचा नंबर असतो, पण शिवाजी पेठेत तालीम किंवा देऊळ सांगितल्याशिवाय दार सापडत नाही.

काही जण घरच्यांचा नंबर देत नाहीत, आश्चर्याचा धक्का द्यायचा असतो म्हणून. त्यांना समजावायला फॉर्मखाली एक ओळ पुरते, आणि ती मला फोनवरच्या काकांनीच दिली: "आम्ही दारात आल्यावरच फोन करतो, आधी काही सांगत नाही."

त्या भाचीला अण्णांनी भाऊबीजेला दुसरा डबा स्वतःच्या खर्चाने पाठवला. मी तिला मेल लिहून चूक माझी होती हे कळवलं. तिचं उत्तर आलं, मामींनी पाडव्याच्या डब्यातले दोन पेढे देवापुढे ठेवले आणि उरलेले शेजारी वाटले. यंदा पानावर 4 नोव्हेंबरच्या वेळा चढवल्या की सगळ्यात आधी तिला दाखवणार आहे.