‘विकू का?’ असे विचारत स्क्रीनशॉट आला, तर या चुका टाळा

समजा, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या मावशींनी म्युच्युअल फंडाच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवून भाच्याला विचारले, ‘दोन वर्षांत दहाच टक्के मिळाले, विकून एफडी करू का रे?’ स्क्रीनशॉटमध्ये गुंतवलेली रक्कम 1,20,000 रुपये, आजचे मूल्य 1,32,000 रुपये आणि परतावा 10 टक्के दिसतो.

येथे हमखास होणारी चूक म्हणजे दहाला दोनने भागून ‘वर्षाला पाचच टक्के’ असे सांगून टाकणे. मावशींची दरमहा 5,000 रुपयांची एसआयपी असल्याने पहिला हप्ता दोन वर्षे गुंतलेला आहे, तर शेवटच्या हप्त्याला जेमतेम महिना झाला आहे, म्हणजे त्यांचा पैसा सरासरी वर्षभरच बाजारात राहिला आहे. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून वार्षिक दर काढला, तर तो साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि ॲपमध्ये XIRR या नावाने दिसतो तो हाच. एफडीच्या व्याजदराशी तुलना करायचीच असेल, तर ती या आकड्याशी करावी, मात्र एफडीचा दर आधी ठरलेला असतो आणि हा आकडा झालेल्या काळाचा असून पुढची हमी देत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

दुसरी चूक म्हणजे आजचे मूल्य हीच हातात येणारी रक्कम समजणे. युनिट विकताना आधी घेतलेले आधी विकले गेले असे धरतात आणि प्रत्येक हप्त्याचे वय वेगळे मोजतात. इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या, फंडात वर्षाच्या आत विकलेल्या युनिटवर योजनेच्या अटींप्रमाणे बहुधा एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याबद्दलची वजावट, लागतो आणि त्यांच्या नफ्यावर 20 टक्के कर बसतो. वर्षाहून जुन्या युनिटचा नफा आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंत करमुक्त असतो व त्यापुढे 12.5 टक्के कर लागतो. म्हणूनच मावशींचा फंड इक्विटीचा असेल आणि त्यांनी सगळे विकले, तर अलीकडच्या बारा हप्त्यांवर लोड आणि कर दोन्ही बसू शकतात, आधीच्या बारांवर मात्र, इतर नफा नसल्यास, काहीच नाही.

एवढे समजावल्यावरही ‘विक’ किंवा ‘ठेव’ म्हणू नये, कारण पैसा कधी लागणार, कर्ज किती, अडीनडीसाठी बाजूला काय आहे, यांपैकी काहीच स्क्रीनशॉटमध्ये नसते. शिवाय मोबदला घेऊन असा सल्ला देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. भाच्याने एवढेच लिहावे: ‘मावशी, हा पैसा तुम्हाला केव्हा लागणार आहे? फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या संकेतस्थळावरून एकत्रित खातेउतारा ईमेलवर मागवा, त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख असते. मला पाठवताना पॅन आणि फोलिओ क्रमांक तेवढा झाका.’