मांजराच्या लघवीत रक्त? घरात काय बदललं ते आठवा

घरात रंगकाम निघालं आणि तिसऱ्या दिवशी आमचा चार वर्षांचा बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसू लागला. लघवी दोन-चार थेंब, तीही गुलाबी. तपासणीत जंतू नव्हते, खडेही नव्हते. ताणामुळे मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यातलाच हा प्रकार. तरुण मांजरांत जंतुसंसर्गापेक्षा हाच जास्त आढळतो, म्हणून अँटिबायोटिकचा सहसा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं. (घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, मांजराला ती विषारी असते.) आम्ही त्याला रंगाच्या वासापासून दूर, शांत खोलीत ठेवलं, तिथे दुसरा लिटर बॉक्स मांडला आणि पाणी पोटात जावं म्हणून ओलं खाणं सुरू केलं. आठवड्याभरात तो सावरला. पुन्हा ताण आला की हा त्रास उलटू शकतो.

बोका जोर करतोय पण थेंबही येत नाही, ओरडतोय, उलट्या करतोय, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.