क्रॉस-बाँडिंग ड्रॉइंगमध्ये बरोबर, तरी शीथमध्ये करंट? या चुका टाळा

सिंगल-कोअर हाय व्होल्टेज केबलची लाइन सुरू झाली, लोड वाढत गेला आणि केबल अपेक्षेपेक्षा गरम होऊ लागली, तर बहुतेक जण आधी माती, डक्ट किंवा शेजारच्या केबलकडे बोट दाखवतात. मी आधी शीथचा, म्हणजे केबलच्या इन्सुलेशनवरच्या धातूच्या आवरणाचा, करंट विचारतो. तिथे गडबड निघाली तर तिचं मूळ बहुधा डिझाइनमध्ये नसतं, जोडणीत असतं.

आकडे घेऊनच बोलू. १३२ केव्ही, १००० चौरस मिमी तांब्याचा कंडक्टर, कोरुगेटेड ॲल्युमिनियम शीथ, तीन केबल एकमेकींना चिकटून ट्रेफॉइलमध्ये. केबलचा व्यास १०० मिमी, शीथचा सरासरी व्यास ९० मिमी. कंडक्टरमधून ८०० अँपिअर जात असताना शीथमध्ये किलोमीटरला साधारण ४० व्होल्ट इंड्यूस होतात. शीथचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ०.०५ ओहम आणि रिॲक्टन्सही जवळपास तेवढाच. म्हणजे शीथ दोन्ही टोकांना अर्थ केली की त्या ४० व्होल्टना बंद वाट मिळते आणि शीथमधून तब्बल ५६५ अँपिअर फिरू लागतात. शीथमधली उष्णता किलोमीटरला १६ किलोवॅट होते, म्हणजे कंडक्टरच्या स्वतःच्या लॉसइतकीच. त्यामुळे केबलवर लोड कमी घ्यावा लागतो.

पहिली चूक इथेच होते. पाचशे मीटरच्या छोट्या लाइनवर शीथ एकाच टोकाला अर्थ केलेली असते आणि दुसरं टोक शीथ व्होल्टेज लिमिटरवर, म्हणजे व्होल्टेज फार चढलं तरच अर्थकडे वाट देणाऱ्या उपकरणावर, सोडलेलं असतं. मेंटेनन्सला आलेल्या माणसाला ते टोक ‘राहून गेलेलं अर्थिंग’ वाटतं, आणि सुरक्षिततेच्या चांगल्या हेतूने तो तिथे पट्टी मारतो. त्या क्षणी लाइन सॉलिड-बाँडेड होते. अशा प्रत्येक बॉक्सच्या झाकणावर ‘हे टोक मुद्दाम उघडं ठेवलं आहे, अर्थ करू नये’ असं मराठीत ठळक लिहून ठेवा. ड्रॉइंग ऑफिसात असतं, झाकण समोर असतं.

लाइन लांब असली की उघड्या टोकाचं व्होल्टेज वाढत जातं, म्हणून क्रॉस-बाँडिंग. मार्गाचे तीन भाग करायचे, दोन्ही जॉइंटमध्ये शीथ इन्सुलेटेड तुकड्याने तोडायची आणि लिंक बॉक्समधून आर फेजची शीथ वायला, वायची बीला, बीची आरला जोडायची. त्यामुळे शीथची एक सलग वाट पहिल्या भागात आरभोवती, दुसऱ्यात वायभोवती, तिसऱ्यात बीभोवती जाते. तिन्ही व्होल्टेज एकमेकांपासून १२० अंशांवर असल्याने बेरीज शून्याजवळ येते. मग दोन्ही टोकं बिनधास्त अर्थ करता येतात.

हे सगळं एका अटीवर चालतं: दोन्ही लिंक बॉक्समध्ये फिरण्याची दिशा एकच हवी.

जॉइंटपासून लिंक बॉक्सपर्यंत कोॲक्सिअल लीड येते. तिची आतली तार जॉइंटच्या एका बाजूच्या शीथला आणि बाहेरची दुसऱ्या बाजूच्या शीथला जोडलेली असते. एका जॉइंट पिटमध्ये आतली तार सबस्टेशनच्या बाजूला लावली आणि पुढच्या पिटमध्ये वेगळ्या गँगने ती उलट बाजूला लावली, तर लिंक बॉक्समधल्या पट्ट्या अगदी ड्रॉइंगप्रमाणे असूनही दिशा उलटते. शीथची वाट मग आर, वाय आणि पुन्हा आर अशी जाते. बी येतच नाही, बेरीज शून्य होत नाही.

किती करंट येतो? मार्ग १४०० मीटरचा, भाग ५००, ५०० आणि ४०० मीटरचे धरू. चार्ज करण्याआधी कमी व्होल्टेजच्या थ्री-फेज सप्लायने कंडक्टरमधून १०० अँपिअर सोडायचे, पलीकडचं टोक शॉर्ट करायचं आणि दोन्ही टोकांच्या अर्थिंग लीडवर शीथचा करंट मोजायचा. सगळं बरोबर असेल तर सुमारे ५ अँपिअर दिसतात, आणि तेही फक्त शेवटचा भाग १०० मीटरने आखूड असल्यामुळे. दिशा उलटली असेल तर तिन्हींमध्ये सुमारे ४० दिसतात. सॉलिड-बाँडिंग असतं तर ७१ दिसले असते. ही टेस्ट न करता लाइन चार्ज करणं मला अजिबात मान्य नाही. एका दिवसाच्या कामात पिट बुजण्याआधी चूक हाती लागते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. भागांच्या लांबीत शंभर मीटरचा फरक पडला म्हणून जॉइंटची जागा बदलायला मोठी धावपळ होते, आणि लीडची आतली-बाहेरची तार मात्र कुणी दुसऱ्यांदा तपासत नाही. पाच अँपिअरची काळजी करताना चाळीस निसटतात.

तिन्ही आकडे सारखे पण मोठे आले तर एका पिटमधल्या तिन्ही लीड उलट आहेत असं समजा. आकडे एकमेकांशी अजिबात जुळत नसतील तर बहुधा एकच लीड उलटी आहे. तेव्हा एकाच बाजूच्या दोन शीथ बॉक्समध्ये एकमेकींना जोडल्या जातात आणि तेवढ्याच भागात बंद लूप तयार होतो. दोन्हींसाठी जॉइंट खोलावा लागत नाही. पहिल्या बाबतीत बॉक्समधल्या पट्ट्यांची दिशा फिरवायची, दुसऱ्यात त्या एका लीडच्या तारा बॉक्सच्या टोकाला अदलाबदल करायच्या. मग टेस्ट पुन्हा घ्यायची.

मोजताना क्लॅम्प मीटर अख्ख्या कोॲक्सिअल लीडभोवती लावू नका. आतल्या आणि बाहेरच्या तारेतून दोन वेगळ्या वाटांचे करंट उलट दिशांनी जातात आणि मीटरला दोन्हींचा एकत्रित परिणाम दिसतो. वरच्या उदाहरणात खरे ४० असताना तो ६९ च्या आसपास दाखवेल. पट्टीवर वेगवेगळं मोजा, तेही टेस्टच्या वेळी. चालू लाइनवर लिंक बॉक्स उघडायचा नाही. त्याच क्षणी फॉल्ट झाला तर एरवी वीसेक व्होल्ट असलेल्या शीथवर शेकडो व्होल्ट चढतात.

चालू लाइनवर टोकाच्या अर्थिंग लीडवर काही अँपिअर दिसले म्हणून लगेच घाबरू नये. त्यात केबलचा चार्जिंग करंटही असतो. पहाटेच्या कमी लोडला आणि संध्याकाळच्या जास्त लोडला असं दोनदा मोजा. आकडा लोडबरोबर वाढला तर तो फिरणारा करंट. जवळपास तसाच राहिला तर चार्जिंगचा.

लाइन सुरुवातीला बरोबर होती आणि एखाद्या मोठ्या फॉल्टनंतर किंवा पावसाळ्यानंतर करंट वाढला, तर लिंक बॉक्समधले लिमिटर पाहा. एक शॉर्ट झाला तर लूप बॉक्सच्या अर्थिंगमधून बंद होतो आणि त्या रेझिस्टन्समुळे करंट मर्यादित राहतो, म्हणून तो सहसा लक्षात येत नाही. दोन शॉर्ट झाले की त्यांच्या सामाईक अर्थ-बिंदूतून सरळ धातूची वाट मिळते. बॉक्समध्ये पाणी साचलं असेल तर झाकणाचं गॅस्केट बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. शटडाउन घेऊन शीथवरच्या बाहेरच्या प्लास्टिक आवरणाची डीसी टेस्ट करा. नव्या केबलला ती जास्तीत जास्त १० केव्हीवर एक मिनिट असते. त्याआधी लिमिटर आणि क्रॉस-बाँडिंगच्या पट्ट्या काढायला विसरू नका, नाहीतर लिमिटर कंडक्ट करतो, रीडिंग आवरण खराब असल्यासारखं येतं आणि चांगल्या केबलवर फॉल्ट शोधत खड्डे खणले जातात. टेस्ट झाल्यावर पट्ट्या परत लावताना दिशा पुन्हा तपासा आणि बॉक्स बंद करण्यापूर्वी आतला फोटो काढून ठेवा.