गावाच्या वेबसाइटवर ‘दिनांक’ऐवजी fnukad दिसतंय? या चुका टाळा

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो आणि महूच्या बाजूच्या एका ग्रामपंचायतीची वेबसाइट सांभाळतो. सूचना अर्थातच हिंदीत असतात. एकदा गावातल्या एका ताईंचा फोन आला, ‘दादा, ग्रामसभेची तारीख कुठे लिहिली आहे?’ मी मोबाइलवर पान उघडलं, तर हे दिसलं:

```
xzkelHkk fnukad 02@10@2024
```

पंचायतीच्या संगणकावर मात्र तेच पान ‘ग्रामसभा दिनांक 02/10/2024’ असं स्वच्छ दिसत होतं. सचिवजींचं म्हणणं होतं, ‘मेरे यहाँ तो ठीक दिख रहा है।’ ते खरंच बोलत होते, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

मध्य प्रदेशातल्या कितीतरी कार्यालयांत अजून कृतिदेव फॉन्टमध्ये टायपिंग चालतं. कृतिदेवमध्ये संगणक देवनागरी अक्षरं साठवतच नाही. तो इंग्रजी अक्षरं साठवतो आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. n चं द दिसतं, d चं क, @ चं तिरकी रेघ. वर्डमधून मजकूर कॉपी करून वेबसाइटवर चिकटवला की फॉन्टचं नावही सोबत जातं. ज्या संगणकावर कृतिदेव आहे तिथे सगळं ठीक दिसतं. गावकऱ्यांच्या मोबाइलमध्ये तो नसतो, म्हणून त्यांना fnukad दिसतं. तेव्हा पहिली चूक म्हणजे ज्या संगणकावर सूचना टाइप केली त्याच संगणकावर ती तपासणं. तपासणी दुसऱ्याच्या मोबाइलवर करा. तिथे पानावर ‘दिनांक’ हा शब्द शोधून पाहा. सापडला नाही तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत साठवलेला नाही.

पानावर `à¤¦à¤¿` अशी अक्षरं दिसली तर दुखणं वेगळं आहे. तिथे मजकूर युनिकोडच असतो, पण ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतो. पानाच्या head मध्ये ही ओळ आहे ना, ते बघा:

```
<meta charset="utf-8">
```

या त्रासाला कंटाळून बरेच जण सूचनेचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ टाकतात. मीही दोन महिने तेच केलं. दिसायला छान, पण त्यातलं एक अक्षरही शोधात सापडत नाही, आणि ज्यांना कमी दिसतं त्यांचा मोबाइल ते वाचून दाखवू शकत नाही. सही-शिक्क्याची प्रत जरूर जोडा, पण तारीख, वेळ, जागा आणि विषय पानावर मजकूर म्हणून लिहा.

खरा उपाय म्हणजे कृतिदेवचं युनिकोड करणं. त्यासाठी कन्व्हर्टर ऑनलाइन मिळतात. पण आख्खी सूचना त्यात ओतू नका, इथे माझी दुसऱ्यांदा फजिती झाली. त्या सूचनेत समग्र पोर्टलचा पत्ता samagra.gov.in आणि एक रक्कम 5,000 साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये होती. कन्व्हर्टरला फॉन्ट कळत नाही, सगळं कृतिदेवच आहे असं तो धरतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ असतो, म्हणून रकमेचं `5ए000` झालं आणि पत्त्याची तर खिचडीच झाली. आता मी पत्ते, ईमेल आणि इंग्रजीत लिहिलेले आकडे आधी बाजूला काढतो, बाकीचं बदलतो आणि मग ते हाताने परत घालतो.

बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालताना दोन गोष्टी मुद्दाम बघायच्या. पहिली म्हणजे ऱ्हस्व वेलांटी: कृतिदेवमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. दुसरा रफार: सुमार कन्व्हर्टर ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’ करून ठेवतो. आणि तारखा, रकमा मूळ कागदाशी ताडून पाहायच्या, कारण त्या चुकल्या तर माणूस चुकीच्या दिवशी येऊन परत जातो.

सचिवजींना नवीन टायपिंग शिका म्हणणं मला पटत नव्हतं. वर्षानुवर्षं बसलेला हात आहे त्यांचा. त्यांच्या संगणकावर युनिकोडसाठी रेमिंग्टन गेल कीबोर्ड बसवून दिला. बोटं जवळजवळ पूर्वीसारखीच चालतात, काही चिन्हांच्या जागा तेवढ्या वेगळ्या आहेत, त्यांचा कागद मी मॉनिटरच्या कडेला चिकटवला. जुन्या सूचनांपैकी ज्या योजनांचे अर्ज अजून चालू आहेत तेवढ्याच आधी बदलल्या. उरलेल्या दर शनिवारी चार-पाच करतो.