मॅचिंगनंतरचं संतुलन लिहिताना या चुका टाळा

निरीक्षणात्मक अभ्यासाच्या अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘प्रोपेन्सिटी स्कोर मॅचिंगनंतर दोन्ही गटांत कोणत्याही घटकाबाबत लक्षणीय फरक आढळला नाही (p > 0.05).’ प्रोपेन्सिटी स्कोर म्हणजे नोंदलेल्या घटकांवरून काढलेली उपचार-गटात असण्याची शक्यता, आणि जवळच्या स्कोरच्या माणसांच्या जोड्या लावणं म्हणजे मॅचिंग. पण वरचं वाक्य वाचून मॅचिंग नीट झालं की नाही, हे अजिबात कळत नाही. संतुलनाचा परिच्छेद म्हणजे ‘हे दोन गट तुलना करण्याजोगे आहेत’ या दाव्याचा पुरावा. तो ढिला असेल तर पुढच्या परिणामाच्या आकड्याला आधारच उरत नाही. म्हणून हा परिच्छेद कुठे बिघडतो, ते एकाच उदाहरणावर नीट पाहू.

उदाहरण कुणालाही आपल्या संगणकावर तपासता येईल असं घेतलं आहे. 1970च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ नावाचा रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रम झाला. लालोंद यांनी 1986 साली त्याच्या माहितीवरून निरीक्षणात्मक पद्धतींची परीक्षा घेतली. त्याच माहितीचा एक भाग आर या प्रणालीतल्या `MatchIt` पॅकेजसोबत `lalonde` या नावाने मिळतो. प्रशिक्षण घेतलेले 185 पुरुष आणि एका राष्ट्रीय सर्वेक्षणातून घेतलेले, प्रशिक्षण न मिळालेले 429 पुरुष त्यात आहेत. वय, शिक्षणाची वर्षं, वंश, विवाह, शालान्त पदवी नसणं आणि 1974 व 1975 ची कमाई हे कोव्हेरिएट, म्हणजे ज्यांत दोन्ही गट सारखे हवेत ते घटक. 1978 ची कमाई हा परिणाम.

```r
library(MatchIt)
data("lalonde")
m <- matchit(treat ~ age + educ + race + married +
               nodegree + re74 + re75,
             data = lalonde, method = "nearest")
summary(m, un = TRUE)
```

हे साधं एकास-एक मॅचिंग आहे: प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला सर्वांत जवळच्या स्कोरचा एक जोडीदार, आणि एकदा वापरलेला जोडीदार पुन्हा वापरायचा नाही. अहवालात सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच.

चूक पहिली: पी-व्हॅल्यूने संतुलन सिद्ध करणं

या मॅचिंगनंतर प्रशिक्षण गटात शिक्षणाची सरासरी 10.35 वर्षं येते, नियंत्रण गटात 10.61. टी-चाचणी लावली तर पी-व्हॅल्यू साधारण 0.3 भरते. म्हणजे ‘लक्षणीय फरक नाही’. आता प्रमाणित सरासरी फरक पाहा. दोन सरासऱ्यांतल्या फरकाला प्रमाण विचलनाने भागून तो मिळतो. मॅचिंगआधी तो 0.055 होता, नंतर −0.129 झाला. मॅचिंगने शिक्षणाचं संतुलन सुधारलं नाही, उलट बिघडवलं. पी-व्हॅल्यूवाल्या वाक्यात ही गोष्ट पूर्णपणे झाकली जाते.

कारण सरळ आहे. पी-व्हॅल्यू फरकाच्या आकाराइतकीच नमुन्याच्या आकारावरही अवलंबून असते. मॅचिंगमध्ये 614 माणसांतून 370 उरली. फरक तसाच राहिला तरी नमुना लहान झाल्याने चाचणी कमकुवत होते आणि पी-व्हॅल्यू वाढते. नियंत्रण गटातली माणसं डोळे मिटून काढून टाकली तरीही ‘संतुलन सुधारलं’ असं दिसेल. शिवाय आपल्याला समग्राबद्दल अनुमान काढायचं नाही. हातात असलेल्या याच दोन गटांत किती अंतर आहे, एवढंच सांगायचं आहे. त्यामुळे संतुलनाच्या तक्त्यातून पी-व्हॅल्यूचा रकाना काढूनच टाका. त्या जागी मॅचिंगआधीचा आणि नंतरचा प्रमाणित फरक द्या. 0.1 ही मर्यादा बरेच जण वापरतात, काही जण 0.25पर्यंत चालवून घेतात. कोणती मर्यादा घेतली ते पद्धतीच्या विभागात आधीच लिहा, आकडे पाहून ठरवू नका.

चूक दुसरी: सरासरी सुधारणा सांगून ओळी लपवणं

ही मला सर्वांत घातक वाटते, म्हणून इथे जरा थांबू. याच मॅचिंगचं वर्णन असंही करता येतं: ‘1974 च्या कमाईतला प्रमाणित फरक −0.72 वरून −0.05 वर आला, विवाहितांच्या प्रमाणातला −0.83 वरून −0.06 वर, आणि वयातला −0.31 वरून 0.07 वर.’ प्रत्येक आकडा खरा आहे. तरी वाचकाची फसवणूक होते, कारण वंशाच्या ओळी त्यात नाहीत.

प्रशिक्षण गटात कृष्णवर्णीयांचं प्रमाण 0.843 आहे. नियंत्रण गटात ते मॅचिंगआधी 0.203 होतं, नंतर 0.470 झालं. प्रमाणित फरक 1.76 वरून 1.03 वर आला. घट मोठी दिसते, पण 1.03 म्हणजे मर्यादेच्या दहापट. हिस्पॅनिक ओळीत तर फरक −0.35 वरून −0.66 झाला, म्हणजे जवळजवळ दुप्पट वाढला. खुद्द प्रोपेन्सिटी स्कोरमधला फरकही 0.97 उरला आहे.

असं का झालं, हे तक्त्यातूनच शोधता येतं, आणि अहवालात ते लिहायला हवं. 185 प्रशिक्षणार्थ्यांपैकी 156 कृष्णवर्णीय आहेत. नियंत्रण गटात 429 पैकी कृष्णवर्णीय फक्त 87. एक जोडीदार एकदाच वापरायचा म्हटल्यावर 156 जणांना 87 जण पुरणार कसे? सगळेच्या सगळे 87 घेतले तरी प्रमाण 87 भागिले 185, म्हणजे 0.470. मॅचिंगने अगदी तेवढंच दिलं आहे, साठा तिथेच संपला. उरलेल्या प्रशिक्षणार्थ्यांसाठी स्कोरने त्यातल्या त्यात जवळचे म्हणून हिस्पॅनिक आणि श्वेतवर्णीय पुरुष ओढले गेले. मॅचिंगआधी नियंत्रण गटात हिस्पॅनिक 14 टक्के होते, नंतर 22 टक्के झाले. ती ओळ बिघडली ती यामुळे.

तेव्हा एखादी ओळ सुधरत नसेल तर स्कोरच्या सूत्रात वर्गपद घालून पाहण्याआधी साधी मोजणी करा. ज्या गटाला जोडीदार हवे आहेत त्या गटात किती माणसं आहेत आणि तशी माणसं समोरच्या गटात आहेत किती? माणसंच कमी असतील तर सूत्र कितीही बदललं तरी एकास-एक मॅचिंग पुरं पडणार नाही.

चूक तिसरी: भाजक आणि मोजमाप न सांगणं

वरचा 1.03 हा आकडा `MatchIt` चा. तोच मॅचिंगचा निकाल `cobalt` पॅकेजच्या `bal.tab` मध्ये टाकला तर त्याच ओळीत 0.373 दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. होय-नाही स्वरूपाच्या घटकांसाठी `cobalt` मूळच्या मांडणीत दोन प्रमाणांतला नुसता फरक देतं, `MatchIt` त्याला प्रमाण विचलनाने भागतं. एका लेखाचा 0.37 दुसऱ्याच्या 1.03 शेजारी ठेवून ‘आमचं संतुलन चांगलं’ म्हणणं त्यामुळे सहज घडतं. तक्त्याखालच्या टिपेत कोणता फरक दिला ते लिहा.

भाजकाचंही तसंच. प्रशिक्षण घेतलेल्यांवरचा परिणाम हवा असेल तर प्रशिक्षण गटाचं प्रमाण विचलन भाजक म्हणून घेतात. ते मॅचिंगआधीच्या नमुन्यातून काढा आणि आधी-नंतर दोन्हीकडे तेच वापरा. नंतरच्या फरकासाठी नवा भाजक घेतला तर आकडा सरासरी जवळ आल्याने बदलला की विखुरणं बदलल्याने, हे सांगता येत नाही.

चूक चौथी: फक्त सरासरी पाहणं

मॅचिंगनंतर वयाची सरासरी 25.8 आणि 25.3. फरक 0.07, म्हणजे ओळ ‘पास’. पण दोन्ही गटांतल्या विचरणांचं गुणोत्तर 0.46 आहे. ते 1 च्या जवळ हवं; 0.5 ते 2 ही नेहमीची सैल मर्यादासुद्धा इथे ओलांडली गेली आहे. प्रशिक्षण गटातल्या वयांचं प्रमाण विचलन सुमारे 7 वर्षं, नियंत्रण गटातल्या वयांचं साडेदहाच्या आसपास. म्हणजे बहुतांशी तिशीच्या आतल्या पुरुषांची तुलना अगदी कोवळी मुलं आणि प्रौढ यांच्या मिश्रणाशी होते आहे, फक्त सरासरी एक आली. कमाई वयाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, त्यामुळे इथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. सलग मोजमापाच्या घटकांसाठी हे गुणोत्तर तक्त्यात द्या.

चूक पाचवी: संतुलनाची किंमत न लिहिणं

वंशावर काटेकोर जुळणी लावली की तो तक्ता सुंदर दिसतो: वंशातला फरक शून्य. पण मग कृष्णवर्णीय 87, हिस्पॅनिक 11 आणि श्वेतवर्णीय 18 मिळून जास्तीत जास्त 116 प्रशिक्षणार्थ्यांनाच जोडीदार मिळतो. 69 जण गळतात, सगळे कृष्णवर्णीय. आता निघणारा परिणाम सर्व 185 प्रशिक्षणार्थ्यांचा राहत नाही. कॅलिपर, म्हणजे जोडीतल्या स्कोरच्या अंतराची कमाल मर्यादा, लावून दूरच्या जोड्या तोडल्या तरी हेच घडतं. किती गळले आणि ते कसे होते, हे संतुलनाच्या तक्त्याइतकंच ठळक हवं.

दुसरा मार्ग पूर्ण मॅचिंगचा, म्हणजे `method = "full"`. त्यात कुणी गळत नाही, एकच नियंत्रण-व्यक्ती अनेक प्रशिक्षणार्थ्यांना वजनाने पुरते आणि या माहितीत वंशाची ओळही जुळून येते. पण वजनं इतकी असमान होतात की 429 जणांच्या नियंत्रण गटाची प्रभावी संख्या साधारण 50 उरते. तो आकडाही लिहायचा, कारण अंदाजातली अनिश्चितता त्यावर ठरते.

मग एकास-एक मॅचिंगचं प्रामाणिक वर्णन कसं असेल? साधारण असं:

‘एकास-एक मॅचिंगनंतर 185 जोड्या मिळाल्या, प्रशिक्षण गटातून कुणी गळलं नाही, नियंत्रण गटातले 244 वगळले गेले. वय, विवाह, 1974 व 1975 ची कमाई यांत प्रमाणित फरक 0.1 च्या आत आला. शिक्षण (−0.13), शालान्त पदवी नसणं (0.15) आणि वंश (कृष्णवर्णीय 1.03, हिस्पॅनिक −0.66, श्वेतवर्णीय −0.73) यांत तो मर्यादेबाहेर राहिला, वयाचं विचरण-गुणोत्तर 0.46 होतं. नियंत्रण गटात कृष्णवर्णीय केवळ 87 असल्याने या पद्धतीने वंशाचं संतुलन शक्य नव्हतं. म्हणून 1978 ची कमाई पाहण्याआधीच पूर्ण मॅचिंगकडे वळलो.’

पूर्ण मॅचिंगचा तक्ता कितीही स्वच्छ आला, तरी त्यानंतर ‘आता हे गट यादृच्छिक चाचणीसारखे झाले’ असं लिहू नका. तक्ता फक्त त्यातल्या घटकांबद्दल बोलतो. या कार्यक्रमात व्यसनातून बाहेर पडलेले आणि तुरुंगातून सुटलेले लोकही मुद्दाम घेतले होते, आणि `lalonde` मध्ये व्यसनाचा किंवा शिक्षेचा रकानाच नाही.